रजेची सूचना वेगळी, पालकांना लिहिलेलं पत्र वेगळं

बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या मराठी शाळांमधून घरी येणारे कागद वर्षानुवर्षं पाहतो आहे. वर्गशिक्षिका लांब रजेवर निघाल्या की जो कागद येतो, तो बहुतेक वेळा असा असतो:

"सर्व पालकांना कळविण्यात येते की, इयत्ता तिसरीच्या वर्गशिक्षिका दि. 1 ऑगस्टपासून दीर्घ रजेवर जात असून त्यांच्या जागी अतिथी शिक्षिकेची व्यवस्था करण्यात आली आहे. तरी पालकांनी नोंद घेऊन सहकार्य करावे."

ही रजेची सूचना झाली. तिच्यात चूक काही नाही. शाळेच्या दप्तरात, एसडीएमसी म्हणजे शाळा विकास समितीच्या बैठकीत, बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला पाठवायच्या कागदात हाच मजकूर शोभतो. पण हाच कागद डायरीत चिकटवून 'पालकांना पत्र पाठवलं' म्हणतात, तिथे माझा आक्षेप आहे. हे पत्र नव्हे. यातून घराला काहीच कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी "बाईंची बदली झाली म्हणे" सुरू होतं.

वरवरचे फरक झटपट सांगतो. सूचनेवर जावक क्रमांक आणि शिक्का असतो, पत्रावर असला काय नि नसला काय. सूचना चार ओळींची, पत्र पानभर. सूचनेखाली मुख्याध्यापकांची सही पुरते, पत्राखाली रजेवर जाणाऱ्या आणि वर्ग घेणाऱ्या दोघींच्याही सह्या असाव्यात. 'पाल्य' हा शब्द सूचनेत चालतो. पत्रात तो वाचला की मला कागद खाली ठेवावासा वाटतो. तिथे सरळ 'तुमचं मूल' लिहावं.

खरा फरक मजकूर कोणाबद्दल आहे यात आहे. सूचना बाईंबद्दल असते: त्या कधी जाणार, कधी येणार, त्यांच्या जागी कोण. पत्र मुलाच्या दिवसाबद्दल असतं. सकाळी दप्तर पाठीवर टाकल्यापासून परत येईपर्यंत त्याच्या दिवसातलं काय तसंच राहणार आणि काय बदलणार, हे त्यात असायला हवं. पुष्कळ मुख्याध्यापक सूचनाच लांबवतात, नव्या बाईंच्या पदव्या घालतात, दोन ओळी आभाराच्या जोडतात आणि पत्र झालं असं समजतात. लांबी वाढली तरी ती सूचनाच राहते.

ओळखायची माझी रीत सोपी आहे. मजकुरातली दोन्ही बाईंची नावं आणि तारखा पेन्सिलीने खोडा. मग जे उरेल ते वाचा. वरच्या सूचनेत 'नोंद घ्यावी, सहकार्य करावे' एवढंच उरतं. पत्रात मात्र प्रार्थना, बसायच्या जागा, जेवणाची रांग, शनिवारचं शुद्धलेखन, कन्नडचा तास हे सगळं शिल्लक राहतं, कारण ते मुलाचं आहे.

आता एक उदाहरण पूर्ण मांडतो. तिसरीच्या बाई प्रसूती रजेवर जाणार आहेत. कर्नाटकात सरकारी सेवेत ही रजा 180 दिवसांची असते. 1 ऑगस्टपासून धरली तर ती 27 जानेवारीला संपते, म्हणजे बाई 28 जानेवारीला वर्गात. पालक हे दिवस बोटांवर मोजत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर या काळात काय काय येतं ते असतं: गणपतीची सुट्टी, एफए-2 ही चाचणी, सहामाहीची परीक्षा एसए-1, दसऱ्याची सुट्टी, 1 नोव्हेंबरचा राज्योत्सव, मग गॅदरिंगची तयारी. सहामाहीचे पेपर कोण तपासणार आणि गुण कोण भरणार, हा प्रश्न त्यांच्या मनात पहिल्या दिवशीच असतो. सूचनेत त्याचं उत्तर कधीच नसतं.

मी लिहीन ते पत्र असं:

"नमस्कार. तिसरीच्या बाई 1 ऑगस्टपासून 27 जानेवारीपर्यंत रजेवर असतील. त्यांची बदली झालेली नाही, त्या याच वर्गावर परत येणार आहेत. हे त्यांनी आज मुलांना वर्गात स्वतः सांगितलं आहे.

1 ऑगस्टपासून वर्ग नव्या टीचरांकडे असेल. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्या रोज वर्गात बाईंबरोबर असतील. त्या मुलांशी मराठीतच बोलतात. कन्नडचा तास आतापर्यंत घेणारे सरच घेतील. एफए-2 आणि एसए-1चे पेपर नव्या टीचर तपासतील, गुणांची वही मुख्याध्यापक पाहतील.

प्रार्थनेची रांग, बसायच्या जागा, दुपारच्या जेवणाची वेळ आणि शनिवारचं शुद्धलेखन आहे तसंच राहील. एक गोष्ट बदलेल: गृहपाठाच्या वह्या आता रोज न तपासता सोमवारी आणि गुरुवारी तपासल्या जातील.

मुलाचा चष्मा, औषध, घरी कोण न्यायला येतं, असं जे बाईंना सांगितलं असेल ते त्यांनी नव्या टीचरांना लिहून दिलं आहे. आणखी काही सांगायचं असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर भेटा. रजा वाढली तर आठवडाभर आधी कळवू. बाई परत आल्यावर पहिले काही दिवस दोघीही वर्गात असतील."

यातलं दुसरं वाक्य, बदली झालेली नाही हे, मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे बाई दिसेनाशा झाल्या की गाव आधी बदलीचाच विचार करतं, आणि एकदा घरात तसं बोललं गेलं की मूल मनातून बाईंना सोडून देतं. जानेवारीत त्या परत आल्या तरी पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून हे वाक्य पहिल्या परिच्छेदातच हवं, तळाशी नको.

मुलांना बाईंनी स्वतः आधी सांगायचं आणि त्याच दिवशी पत्र घरी जायचं, हा क्रम मोडू नये. पत्र आधी गेलं तर मुलाला बातमी आईच्या चेहऱ्यावरून कळते. रजा ठरलेली असेल तर हे दहा-बारा दिवस आधी व्हावं. त्याहून खूप आधी सांगितलं तर लहान मुलं रोज तेच विचारत राहतात. रजेचं कारण बाईंना जेवढं सांगायचं असेल तेवढंच लिहावं. 'रजा' एवढा शब्द पुरेसा आहे.

नव्या टीचरांच्या पदव्या मी मुद्दाम लिहिल्या नाहीत. एम.ए., बी.एड. वाचून कुठल्याही आईची काळजी मिटत नाही. मूल त्यांना काय म्हणणार, त्या त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलणार, हे तिला हवं असतं. आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्न तर कोणी तोंडाने विचारो न विचारो, प्रत्येक घरात असतोच. टीचरांचं मराठी कच्चं असेल तर तेही सरळ लिहावं आणि मराठीचा तास कोण घेणार ते सांगावं. लपवलं तर पहिल्याच दिवशी मूल घरी येऊन सांगतं, आणि मग शाळेच्या बाकीच्या शब्दांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

'काहीही बदलणार नाही' असं लिहिणाऱ्या शाळांचा मला राग आहे. बदलतंच. नव्या टीचरांचा आवाज वेगळा, फळ्यावरचं अक्षर वेगळं, हजेरी घ्यायची पद्धत वेगळी. मुलाला हे दिसतं, आणि घरात मात्र 'काही बदललेलं नाही' सांगितलेलं असतं. म्हणून जे खरंच राखता येईल तेवढंच नावानिशी लिहायचं. आणि जे बदलणार तेही नाव घेऊन लिहायचं, मग ते वह्या तपासण्याइतकं लहान का असेना. बदल सांगितला की न बदलणाऱ्या गोष्टींवरचा विश्वास वाढतो.

पण लिहिलेलं पाळायचं असेल तर आधी ते बाईंकडून टीचरांकडे जायला हवं, आणि तिथेच बहुतेक शाळा चुकतात. बाईंच्या डोक्यातल्या कितीतरी गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात: कोणाला फळा दिसत नाही म्हणून पुढे बसवलंय, कोणत्या दोघांना शेजारी बसू द्यायचं नाही, कोण विचारायला लाजतो म्हणून मधल्या सुट्टीआधी स्वतःहून लघवीला सोडावं लागतं, पाढे बसून म्हणायचे की उभं राहून. हे एका वहीत दोन-तीन पानांत उतरवावं आणि टीचरांनी निदान चार दिवस बाईंच्या वर्गात बसून पाहावं. हे झालं नाही तर 'बसायच्या जागा तशाच राहतील' हे वाक्य पत्रात घालू नये. कारण पहिल्याच सोमवारी टीचर उंचीप्रमाणे बसवतात आणि चष्मेवालं मूल मागे जातं. झालंय ते कळायला वेळ लागत नाही: शुद्धलेखनाच्या वहीत अर्धी ओळ सुटलेली दिसू लागते.

पत्र कागदावरच जावं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकून काम झालं असं समजणं मला पटत नाही. उद्यमबागच्या कारखान्यात पाळीवर गेलेल्या वडिलांच्या खिशात तो फोन असतो आणि मुलाची वेणी घालणारी आजी घरी असते. ग्रुपवर टाकायचंच तर कागद घरी पोचल्यावर, संध्याकाळी टाकावं. आणि टीचरांचा स्वतःचा नंबर त्यात देऊ नये. भेटायची वेळ आणि शाळेचा नंबर द्यावा, नाहीतर पहिल्या आठवड्यात त्यांना रात्री दहाला गृहपाठासाठी फोन येतात.

अचानक आलेल्या रजेला हे सगळं जमत नाही, हे मान्य. बाई दुचाकीवरून पडल्या, पाय मोडला, तर वर्गात बसून पाहायला चार दिवस कुठून मिळणार? तेव्हाही सूचनेऐवजी पत्रच पाठवावं, फक्त छोटं. उद्या सकाळी वर्गात कोण असेल, जेवण आणि सुटायची वेळ तीच राहील, बाई कधी येतील ते आज सांगता येत नाही आणि पुढचं कुठल्या तारखेला कळवू, एवढं पुरे. बसायच्या जागांबद्दल त्यात अवाक्षर नको. दोन दिवसांत बाईंशी फोनवर बोलून वही भरून घ्यावी, आणि ठरलेल्या तारखेला दुसरं, पुरं पत्र पाठवावं.