सेटअप, होल्ड आणि मधेच अडकलेला फ्लिप-फ्लॉप

फ्लिप-फ्लॉपची, म्हणजे क्लॉकच्या एजला एक बिट पकडून ठेवणाऱ्या सर्किटची, डेटाशीट उघडली की सेटअप टाइम आणि होल्ड टाइमचे दोन आकडे दिसतात, जुन्या ७४७४ चिपला २० आणि ५ नॅनोसेकंद. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, क्लॉकची एज यायच्या आधी २० नॅनोसेकंद डेटा स्थिर हवा आणि एज गेल्यावर अजून ५ नॅनोसेकंद हलता कामा नये. पण नाही पाळलं तर आत नक्की काय होतं हे विचारलं की बहुतेक जण "मग चुकीची व्हॅल्यू येते" म्हणून मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं इंजिनियर लोकांच्या गळी उतरायलासुद्धा बरीच वर्षं गेली.

सुरुवात १९१८ पासून. एक्लिस आणि जॉर्डन या दोघांनी ब्रिटनमध्ये दोन व्हॅक्यूम ट्यूब एकमेकींना उलट्या जोडून एक सर्किट पेटंटला टाकलं, एक चालू असेल तर दुसरी बंद आणि ढकलल्याशिवाय बदलायचं नाही. आजच्या प्रत्येक फ्लिप-फ्लॉपच्या पोटात हीच जोडी आहे, फक्त ट्यूबच्या जागी इन्व्हर्टर, म्हणजे ० चं १ आणि १ चं ० करणारी गेट्स, आलेत. आता अशा जोडीला दोन स्थिर जागा असतात, ० आणि १, हे खरं, पण दोन्हींच्या मधे एक तिसरी जागाही असते जिथे दोन्ही इन्व्हर्टरचं आउटपुट बरोबर अर्ध्यावर असतं आणि कोणीच कोणाला ढकलत नाही. ती जागा टिकाऊ नाही, जरा नॉइज आला की जोडी कुठल्यातरी बाजूला कलते, पण कधी कलेल याची गॅरंटी नाही. सगळी भानगड या तिसऱ्या जागेची.

आजच्या सीमॉस फ्लिप-फ्लॉपमध्ये अशा दोन जोड्या एकामागे एक असतात आणि पहिलीच्या दारात एक स्विच असतो. क्लॉक लो असताना दार उघडं, डेटा आत शिरतो, क्लॉक हाय झाला की दार बंद आणि जोडी आतल्या आत स्वतःला धरून ठेवते. डेटाला दारातून आत येऊन दोन्ही इन्व्हर्टर फिरवून पूर्ण चक्कर मारायला जो वेळ लागतो तोच मुळात सेटअप टाइम. आणि दार बंद करणारा क्लॉकही आत एकदोन इन्व्हर्टरमधून येतो, त्यामुळे दार एजच्या क्षणी नाही तर थोडं उशिरा लागतं, तेवढ्यात डेटा बदलला तर नवीन व्हॅल्यू आत घुसते, म्हणून होल्ड टाइम. (डेटाच्याच वाटेत जास्त डिले असेल तर होल्ड निगेटिव्हही निघतो, तो छापखान्याचा दोष नव्हे.)

आधी होल्डचं बघू, कारण तो जास्त फसवा. मी शिकत असताना दोन ७४७४ चा शिफ्ट रजिस्टर केला होता आणि दुसऱ्या चिपचा क्लॉक लोड वाटायचा म्हणून दोन गेटमधून घेतला. बिट एका क्लॉकला दोन घरं पुढे जायला लागला. मी क्लॉक कमी करत करत अगदी हळू केला, तरी चूक तशीच, आणि मग डोकं धरून बसलो. हिशोब साधा होता: एक टीटीएल गेट साधारण १० नॅनोसेकंद घेतं, म्हणजे दुसऱ्या चिपची एज २० उशिरा. पहिल्या चिपचं आउटपुट मात्र तिच्या एजनंतर १४ च्या आसपासच बदलत होतं. दुसरीला जुना डेटा २० अधिक होल्डचे ५, म्हणजे २५ पर्यंत हवा होता, आणि तो १४ लाच गेला. यात क्लॉकचा पिरियड कुठेच येत नाही, म्हणून क्लॉक हळू करून होल्ड कधीच सुटत नाही. सेटअप सुटतो, कारण तिथे गोष्ट पुढच्या एजपर्यंत पोचायची असते. बिघाड ओळखायची सगळ्यात स्वस्त टेस्ट हीच: क्लॉक कमी केल्यावर चूक गेली तर सेटअपवर संशय घ्या, नाही गेली तर होल्डवर. माझं काम क्लॉक उलटीकडून नेऊन झालं, आधी दुसऱ्या चिपला आणि मग पहिल्याला.

पण इथे निदान चुकलेली व्हॅल्यू स्वच्छ ० किंवा १ तरी होती. खरी गंमत डेटा नेमका दार बंद होताना बदलला की होते. जोडी मधल्या जागेजवळ अडकते, आणि तिथून सुटताना तिचा फरक एक्स्पोनेन्शियली वाढतो, दर टाऊ एवढ्या वेळात २.७ पट. मधल्या जागेपासून १ मिलीव्होल्टवर सुटली तर १ व्होल्टपर्यंत जायला ७ टाऊ, १ मायक्रोव्होल्टवर सुटली तर १४ टाऊ. अजून जवळ असेल तर अजून उशीर, वरची मर्यादा नाहीच. तोवर आउटपुट अर्ध्यावर लटकतं किंवा काही सर्किटमध्ये चक्क ऑसिलेट होतं, आणि त्याच वायरला जोडलेलं एक गेट त्याला ० समजतं तर दुसरं १. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात.

असिंक्रोनस सिग्नलच्या या त्रासाबद्दल सॅम्युएल लबकिनने १९५२ मध्येच एक छोटी नोट लिहिली होती, १९६६ मध्ये आयव्हर कॅटनेही. तरी बऱ्याच जणांचं मत असं की फ्लिप-फ्लॉप एक तर इकडे जाईल नाहीतर तिकडे, यात एवढं काय. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या चेनी आणि मोलनार यांनी पेपरमध्ये ऑसिलोस्कोपचे फोटोच छापले, त्यानंतर नाही म्हणणं अवघड झालं. माझ्या मते फोटोची गरज पडली यातच सगळं आलं, कारण साध्या टेस्टिंगमध्ये हा प्रकार इतका क्वचित दिसतो की लोक बाकी सगळ्याला दोष देऊन मोकळे होतात.

किती क्वचित, त्याचा फॉर्म्युला असा:

```
MTBF = e^(t/τ) / (Tw × fclk × fdata)
```

इथे MTBF म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, Tw म्हणजे एजभोवतीची धोक्याची खिडकी, t म्हणजे सावरायला मिळालेला वेळ, τ म्हणजे वरचा टाऊ, आणि fclk, fdata म्हणजे क्लॉक आणि डेटा सेकंदाला किती वेळा बदलतात ते. क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, बाहेरून येणारा सिग्नल सेकंदाला १० लाख वेळा बदलणारा, Tw ०.१ आणि टाऊ ०.२ नॅनोसेकंद धरू (आकडे हिशोबापुरते माझे). खालचा गुणाकार १०,००० येतो, म्हणजे खिडकीत सापडणं सेकंदाला दहा हजार वेळा. सावरायला ४ नॅनोसेकंद दिले तर साडेतेरा तासांतून एकदा बिघाड. ५ दिले तर ८३ दिवस. मागे दुसरा फ्लिप-फ्लॉप लावून जवळजवळ पूर्ण पिरियड, समजा ९ नॅनोसेकंद, दिले तर साधारण ११ कोटी वर्षं. शून्य कधीच होत नाही, पण एक जादाचा फ्लिप-फ्लॉप एवढं करतो म्हणूनच दुसऱ्या क्लॉकवरून येणाऱ्या सिग्नलला सगळे दोन फ्लिप-फ्लॉप ठोकतात.

मात्र ही युक्ती एका वायरपुरतीच. आठ बिटच्या काउंटरला आठ जोड्या लावल्या तर प्रत्येक जोडी आपापल्या मनाने जुनी किंवा नवी व्हॅल्यू पकडते, आणि साधं ०१११११११ वरून १००००००० वर जाताना भलताच कुठलाही आकडा वाचला जाऊ शकतो, प्रत्येक बिट स्वच्छ असूनसुद्धा. म्हणून दोन क्लॉकमधल्या फिफोमध्ये, म्हणजे डेटाच्या रांगेत, कुठवर लिहिलं-वाचलं हे सांगणारे पॉइंटर ग्रे कोडमध्ये पाठवतात, तिथे एका वेळी एकच बिट बदलतो, मग उशीर झाला तरी जुना आकडा येतो किंवा नवा, तिसरा येत नाही.