स्मार्ट चिप व ड्रॉपडाउन चिप

ऑनलाइन स्प्रेडशीटमधील सेलमध्ये साध्या मजकुराऐवजी बसवलेली, गोलसर कडांच्या छोट्या पट्टीसारखी दिसणारी नोंद. स्मार्ट चिप ही व्यक्ती, फाइल, कॅलेंडरमधील प्रसंग किंवा ठिकाण अशा बाहेरच्या गोष्टीशी जोडलेली असते. ड्रॉपडाउन चिप ही आधी ठरवलेल्या यादीतून निवडलेली आणि बहुधा रंग दिलेली किंमत, म्हणजे सेलमध्ये भरलेली नोंद, असते. पुढील विवेचन गूगल शीट्सपुरते आहे.

दोन्ही प्रकार सारखेच दिसत असले तरी त्यांचे कूळ एक मानावे का, याविषयी दोन मते संभवतात. एका मताने चिप ही पडद्यावरील मांडणीची वस्तू आहे. मॅक ओएस एक्सच्या २००५मधील १०.४ आवृत्तीत ‘टोकन फील्ड’ आले आणि त्यात टाइप केलेला पत्ता एकसंध ठोकळा बनत असे. गूगलने २०१४मध्ये मांडलेल्या मटेरियल डिझाइन या पडद्यावरील मांडणीच्या नियमावलीत ‘चिप’ हे नाव याच जातीच्या घटकाला मिळाले. दुसऱ्या मताने ड्रॉपडाउन चिपचा उगम स्प्रेडशीटच्या आतलाच असून ती एक्सेल ९७मध्ये आलेल्या ‘डेटा व्हॅलिडेशन’ची, म्हणजे सेलमध्ये काय भरता येईल याच्या नियमाची, सुधारित आवृत्ती आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण शीट्समध्ये ड्रॉपडाउन चिपचा नियम आजही `Data validation rules` याच पट्टीत ठरवावा लागतो आणि तेथे `Display style` बदलून चिपऐवजी नुसता बाण किंवा साधा मजकूर ठेवला तरी नियम तसाच राहतो. स्मार्ट चिपला मात्र पहिले मत लागू पडते. ‘स्मार्ट कॅनव्हास’ या नावाखाली गूगलने मे २०२१मध्ये तिचा पुरस्कार केला आणि साधारण २०२२पासून ती शीट्समध्ये रुळली.

दिवाळी अंकाच्या संपादकीय पत्रकाचे उदाहरण घेतल्यास व्यक्ती, तारीख व स्थिती या तिन्ही प्रकारच्या नोंदींचे वर्तन स्पष्ट होते. ‘अ’ रकान्यात (पडद्यावर A) लेखाचे नाव, B मध्ये जबाबदार व्यक्ती, C मध्ये मुदत आणि D मध्ये स्थिती, अशा चाळीस ओळी आहेत असे मानू. B मध्ये `@` टाइप करून नावाची अक्षरे दिली की संपर्कातील व्यक्ती सुचवल्या जातात. ईमेल पत्ते आधीच भरलेले असतील तर ते `Insert` मधील `Smart chips` मधून चिपमध्ये रूपांतरित करता येतात. पडद्यावर नाव दिसत असले तरी चिपचा खरा आधार ईमेल पत्ता असतो, म्हणून एकाच नावाचे दोन लेखक असल्यास पत्ता वेगळ्या रकान्यात काढून त्यावर मोजणी करणे श्रेयस्कर. ही सोय २०२३मध्ये आली:

```
=B2.email
```

चिप बसवणे म्हणजे काम सोपवणे नव्हे. त्या व्यक्तीला सूचना जावी अशी अपेक्षा असेल तर सेलवर टिप्पणी करून तीत `@` सह नाव घालावे लागते.

तारखेचा प्रकार वेगळा आहे. शीट्समध्ये तारीख दिनदर्शिकेतून निवडली तरी सेलमध्ये साठतो तो एक अनुक्रमांक. ही मोजणी ३० डिसेंबर १८९९ या दिवसाला शून्य धरून होते. हा विचित्र आरंभ का निवडला गेला याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे की, लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीत १९०० हे वर्ष चुकून लीप धरले गेले होते आणि तिच्याशी जुळते घेण्यासाठी एक्सेलने ती चूक तशीच ठेवली; चूक न स्वीकारता अंक मात्र जुळवायचे असतील तर आरंभ मागे न्यावा लागतो. त्यामुळे १ मार्च १९०० या दिवसाला दोन्हीकडे ६१ हाच अंक येतो आणि त्यानंतरच्या तारखा जुळतात. त्याआधीचे दोन महिने मात्र एका दिवसाने वेगळे पडतात. दिवाळी अंकाला याचा उपद्रव नाही.

उपद्रव होतो तो पत्रकाच्या प्रदेश-मांडणीचा. `File` मधील `Settings` मध्ये `Locale` अमेरिकेचे राहिले असेल, तर ५ ऑक्टोबर या अर्थाने टाइप केलेले 05/10/2025 हे १० मे म्हणून साठते, तर 25/10/2025 तारीख न ठरता नुसता मजकूर राहते. दुसरी चूक ओळखू येते, कारण मजकूर सेलच्या डाव्या कडेला टेकतो आणि तारीख उजव्या. `Is valid date` हा नियम लावल्यास तेथे इशाराही मिळतो. पहिली चूक मात्र नियमाला बिनचूकच वाटते. मांडणी नंतर भारताची केली तरी १० मे हा १० मेच राहतो. पुढील सूत्र मुदत उलटलेले लेख मोजते, परंतु मजकूर राहिलेल्या तारखा ते मुकाट्याने वगळते:

```
=COUNTIFS(C2:C41,"<"&TODAY(),D2:D41,"<>छपाईला")
```

स्थितीच्या D रकान्यासाठी ‘मागवला’, ‘आला’, ‘दुसऱ्या वाचनात’, ‘छपाईला’ असे पर्याय दिल्यास मराठी पत्रकाला ड्रॉपडाउनचा एक विशेष लाभ मिळतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसू शकतात. परंतु `LEN` पहिल्या रूपाला ७ आणि दुसऱ्याला ८ अशी लांबी देते, आणि `EXACT` दोन्ही भिन्न ठरवते. दोन संपादकांनी दोन कळफलकांवर हा शब्द हाताने लिहिल्यास एकाच स्थितीचे दोन गट पडण्याची शक्यता असते. यादीतून निवडल्यास एकच रूप सर्वत्र जाते. सूत्रातही स्थिती हाताने न लिहिता पर्याय असलेल्या सेलचा निर्देश करावा, अन्यथा तीच अडचण मागल्या दाराने परत येते.

पर्याय नियमातच लिहिले असतील तर पर्यायाचे नाव बदलल्यावर आधी निवडलेल्या चिपही बदलतात. सूत्रांत अवतरणचिन्हांत लिहिलेले जुने नाव मात्र तसेच राहते आणि त्या नावाच्या ओळींची मोजणी शून्यावर येते. नियमाबाहेरची किंमत आल्यास `Show a warning` असताना सेलच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण उमटतो, तर `Reject the input` असताना ती नाकारली जाते. साध्या पद्धतीने चिकटवलेला सेल मात्र स्वतःचा नियम बरोबर आणतो किंवा मूळ नियम पुसतो. म्हणून केवळ किंमत चिकटवण्यासाठी `Ctrl+Shift+V` वापरावे.

एका सेलमध्ये अनेक पर्याय निवडण्याची मुभा २०२४मध्ये मिळाली. असे पर्याय स्वल्पविरामाने जोडलेल्या एका मजकुरासारखे साठत असल्याने नेमकी तुलना करणारे `COUNTIF` त्यांना मोजत नाही. `"*आला*"` असे दोन्ही बाजूंनी ताराचिन्ह लावल्यास मोजणी होते खरी, परंतु यादीत ‘परत आला’ असाही पर्याय असेल तर तोही त्यात धरला जातो. स्थिती ही मुळात एका वेळी एकच असणारी गोष्ट असल्याने तेथे ही मुभा न देणे बरे. कविता, कथा यांसारख्या विषयखुणांना ती शोभते.

पत्रक सीएसव्ही स्वरूपात उतरवल्यास दोन्ही प्रकारच्या चिपांचा केवळ दिसणारा मजकूर शिल्लक राहतो. रंग व नियम गळतात, आणि व्यक्तीमागचा ईमेल पत्ता आधी वेगळ्या रकान्यात काढला नसेल तर तोही त्या फाइलमध्ये येत नाही.