१०० किलोच्या जागी १०३.९१४ किलो का? ईआरपीमधला पोटेन्सीचा हिशेब

तारापूर किंवा अंबरनाथला प्लांट आणि मुंबईत हेड ऑफिस असलेल्या औषध उत्पादकांसाठी हे माहितीपत्रक आहे. ईआरपीमधून निघणाऱ्या बॅच रेकॉर्डमध्ये ज्या आकड्यावर सर्वांत जास्त अवलंबून असते, तो म्हणजे डिस्पेन्सिंगला किती एपीआय तोलायचा. म्हणून इथे फक्त त्याच आकड्याबद्दल लिहिले आहे.

समजा, ५०० मि.ग्रॅ.च्या दोन लाख गोळ्यांची बॅच आहे. शंभर टक्के शुद्ध आणि कोरडा धरला, तर एपीआय १०० किलो लागेल. प्रत्यक्ष लॉटचा ॲसे निर्जल आधारावर ९८.६ टक्के आणि पाणी २.४ टक्के आहे. मग हिशेब असा:

१०० ÷ (०.९८६ × ०.९७६) = १०३.९१४ किलो

एपीआय ३.९१४ किलो वाढला, तेवढाच फिलर कमी व्हायला हवा, नाहीतर गोळीचे वजन बदलेल. एमसीसी २२ किलो असेल, तर तो १८.०८६ किलोवर येतो. सिस्टीमने हे दोन्ही आकडे एकाच वेळी काढून बीएमआरवर छापले पाहिजेत.

चूक कुठे होते

ॲसे कोणत्या आधारावर दिला आहे, हे मटेरियल मास्टरमध्ये नोंदवलेले नसते. ॲसे निर्जल आधारावरचा आहे आणि सिस्टीमने पाणी धरलेच नाही, तर ती १०१.४२० किलो मागते. गोळीत औषध ९७.६ टक्केच भरते. उलट, क्यूसीने पाण्यासकटचा ॲसे म्हणजे ९६.२३ टक्के भरला आणि सिस्टीमने पाणी पुन्हा वजा केले, तर मागणी साधारण १०६.५ किलोवर जाते आणि गोळीत औषध १०२.५ टक्क्यांच्या आसपास भरते. तयार मालाची मर्यादा ९५ ते १०५ टक्के असेल, तर या दोन्ही बॅचेस पास होतात. त्यामुळेच ही चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या लॉटमध्ये पाणी बरेच जास्त निघाले, की अचानक ओओएस येतो आणि शोध ग्रॅन्युलेशनमध्ये सुरू होतो.

आणखी एक नेहमीची गोष्ट म्हणजे राउंडिंग. फॅक्टर आधीच दोन दशांशांवर आणला, तर १.०४ धरून १०४ किलो निघतात, म्हणजे ८६ ग्रॅम जास्त. राउंडिंग फक्त शेवटच्या आकड्यावर आणि काट्याच्या लीस्ट काउंटनुसारच करावे.

व्हॅलिडेशनमध्ये काय तपासतो

यूआरएसमध्ये हे सूत्र शब्दशः लिहिलेले असावे. ‘पोटेन्सी करेक्शन असावे’ एवढे पुरत नाही. ओक्यू स्क्रिप्टमधले अपेक्षित उत्तर हाताने काढून, दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून, चाचणीच्या आधी सही केलेले असते. सिस्टीमचे उत्तर पाहून मागाहून भरलेला आकडा पुरावा ठरत नाही.

सर्वांत उपयोगी ठरते ती सिस्टीमला अडवण्याची चाचणी. पाण्याचा रकाना रिकामा ठेवून पाहा. सिस्टीमने तिथे थांबायला हवे. तिने शून्य धरून पुढे हिशेब केला, तर चाचणी नापास. बीएमआर इश्यू झाल्यावर लॉटचे रिटेस्ट झाले, तर जुना आकडा घेऊन डिस्पेन्सिंग होता कामा नये. दोन लॉट मिळून माल पुरवायचा असेल, तर टक्केवारीची सरासरी चालत नाही. पहिल्या लॉटचे ६० किलो म्हणजे ५७.७४० किलो शुद्ध औषध, उरलेले ४२.२६० किलो दुसऱ्या लॉटच्या स्वतःच्या ॲसे आणि पाण्यावरून काढावे लागतात.

या सगळ्या चाचण्या वेगळ्या व्हॅलिडेशन सर्व्हरवर करायच्या. नंतर सूत्रात कुणी एक चिन्ह जरी बदलले, तरी चेंज कंट्रोल आणि या स्क्रिप्ट पुन्हा चालवणे आलेच.

इन्स्पेक्टर विचारतो तेव्हा

संगणकात गेलेल्या आणि त्यातून आलेल्या सूत्रांची व नोंदींची अचूकता तपासावी, असे अमेरिकेच्या २१ सीएफआर २११.६८ मध्ये स्पष्ट आहे. इन्स्पेक्टरचा प्रश्न मात्र साधा असतो: हा १०३.९१४ कुठून आला? बॅचवरून एआर नंबर, त्यावरून क्यूसीचा मूळ निकाल, सूत्राची आवृत्ती, ती मंजूर करणारी व्यक्ती आणि ओक्यू स्क्रिप्ट, ही साखळी स्क्रीनवर न तुटता दिसली पाहिजे. ॲसे बदलला असेल, तर ऑडिट ट्रेलमध्ये जुना आकडा, नवा आकडा, कुणी, कधी आणि का, हे सगळे हवे. स्टोअरमध्ये चार जण एकच लॉगिन वापरत असतील, तर ‘कुणी’ या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. हेड ऑफिसच्या पर्चेस विभागाला मटेरियल मास्टरमधला ॲसेचा आधार बदलण्याचा अधिकार आम्ही देत नाही. तो क्यूएकडेच राहतो.

एक मर्यादा लक्षात असू द्या. काटा सिस्टीमला जोडलेला नसेल, तर तोललेले वजन हातानेच भरले जाते. तिथे काट्याची छापील चिठ्ठी आणि दुसऱ्या व्यक्तीची तपासणी लागतेच.

पहिल्या भेटीला एक पूर्ण झालेला बीएमआर, त्यातल्या एपीआयचा सीओए आणि तुमची सध्याची हिशेबाची एक्सेल शीट घेऊन या. शीटमधल्या प्रत्येक सेलमधले सूत्र आधी तपासू, मगच ते सिस्टीममध्ये घालू.