लादी-आखणी

लाद्या बसवण्याआधी जमिनीवर रेषा मारून ठरवलेली मांडणी. अखंड लाद्या मधोमध आणि कापलेले तुकडे भिंतींलगत, समोरासमोर सारख्या रुंदीचे पडावेत, हा तिचा हेतू.

मधोमध मांडणीचे मूळ रोमन मोझेइक फरशांपर्यंत नेता येते. पण तिथले खडे इतके बारीक असत की काठाला लादी कापण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आजच्या अर्थाची आखणी साच्यातल्या ठरावीक मापाच्या लाद्यांबरोबर आली, असे मानणे अधिक सयुक्तिक. नक्षीच्या सिमेंट लाद्या करणारी मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी १९२२ मध्ये निघाली. तशा लाद्यांच्या जुन्या घरांत मधल्या नक्षीभोवती किनार आणि किनारीबाहेर साध्या लाद्या दिसतात. कापाकापी या साध्या लाद्यांत खपून जाई.

आता ३०५० मिमी रुंदीची खोली, ६०० मिमीची लादी आणि २ मिमी सांधा धरू. भिंतीशी दोन्हीकडे ५ मिमी फट सोडून एका भिंतीपासून सुरुवात केली, तर पाच अखंड लाद्यांनंतर अवघी ३० मिमीची पट्टी उरते. ती कापताना तुटते. शिवाय भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतील, खोली एका टोकाला १५ मिमीने अरुंद असेल, तर पट्टी निम्मी होते आणि दोष लगेच डोळ्यात भरतो. मध्यरेषेवर लादीचा मध्य घेतला तर दोन्ही बाजूंना याहून बारीक पट्ट्या येतात. त्याऐवजी मध्यरेषेवर सांधा घेतला की चार अखंड लाद्या आणि दोन्हीकडे ३१५ मिमीचे तुकडे पडतात. तोच १५ मिमीचा फरक वाटला जाऊन तुकडा जेमतेम ३०७ मिमी होतो. तो कुणाला कळत नाही. या दोन पर्यायांतला एक नेहमीच अर्ध्या लादीएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा देतो.

किंमत मात्र मोजावी लागते. ३१५ मिमीचे दोन तुकडे एका लादीतून निघत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीला सहा लाद्या लागतात. बरेच गवंडी दारात अखंड लादी ठेवून तुकडे पलंग-कपाटाखाली ढकलतात, ते बहुधा याचमुळे. छोट्या खोलीत ते चालते. मोकळ्या दिवाणखान्यात मध्यरेषाच बरी.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेली लाद्यांची पट्टी, साधारण ३ ते ४ इंच उंच असते. ६०० मिमीच्या लादीतून १०० मिमीच्या सहा पट्ट्या निघत नाहीत, कारण प्रत्येक कापात पाते २–३ मिमी खाते. उंची ९७ मिमी धरली तर सहा निघतात. त्यांतल्या कडेच्या दोन पट्ट्यांनाच कारखान्याची धार असते. बाकीच्या चारांची वरची कड घासून घ्यावी लागते. स्कर्टिंगचे सांधे जमिनीच्या सांध्यांशी जुळवायचे असल्यास कोपऱ्यातला तुकडाही जमिनीवरच्या तुकड्याच्याच मापाचा घेतात. भिंतीलगतची फट स्कर्टिंगच्या जाडीखाली झाकली जाते. जाडीपेक्षा रुंद फट झाकत नाही.