चोवीसपैकी आठच: x⁴ − 2 च्या उकलींची अदलाबदल

x⁴ − 2 = 0 हे समीकरण सोडवायला फारसे कष्ट पडत नाहीत. 2 चं धन चतुर्थमूळ, म्हणजे साधारण १.१८९२, ही एक उकल. तिला a म्हणू. a चा चौथा घात 2 आहे, तर −a चाही तोच असणार. शिवाय i म्हणजे −1 चं वर्गमूळ, त्यामुळे i⁴ = 1; म्हणून ia आणि −ia यासुद्धा उकलीच. चौथ्या घाताचं समीकरण, चार उकली, हिशेब पुरा.

एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाचा प्रश्न मात्र इथून पुढे सुरू होतो. (१८३२ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी तो द्वंद्वयुद्धात गेला. त्याचं मुख्य लिखाण छापून यायला १८४६ उजाडलं.) प्रश्न असा: या चार उकलींच्या जागा आपापसांत बदलल्या, तर बीजगणिताला ते कळेल का? 'कळेल' याचा अर्थ नेमका आहे. बेरीज, गुणाकार आणि परिमेय संख्या एवढंच वापरून उकलींमध्ये जी जी नाती लिहिता येतात, ती सगळी अदलाबदलीनंतरही खरी राहिली पाहिजेत. एक जरी नातं मोडलं, तरी ती अदलाबदल बाद.

चार वस्तूंच्या अदलाबदली एकूण चोवीस. त्यांतल्या किती टिकतात?

पहिली चाळणी अगदी साधी आहे. a आणि −a यांची बेरीज शून्य येते. म्हणजे a जिथे जाईल, त्याच्या बरोबर विरुद्ध उकलीवर −a ला जावंच लागतं. आता मोजू. a साठी चार जागा मोकळ्या. तिची जागा ठरली की −a ची आपोआप ठरली. उरलेल्या दोन जागांपैकी ia कुठेही जाऊ शकते, आणि −ia ला राहिलेली जागा. चार गुणिले दोन, म्हणजे जास्तीत जास्त आठ. उदाहरणार्थ, a आणि ia यांची अदलाबदल करून बाकी दोघींना हात न लावणं चालणार नाही, कारण −a जागेवर राहिली तर a लाही जागेवरच राहावं लागतं.

पण 'जास्तीत जास्त आठ' म्हणजे 'आठ' नव्हे. उकलींमध्ये आणखी एखादं छुपं नातं असेल, तर आकडा आणखी खाली येईल. असं नातं नाही हे दाखवायला, या उकलींपासून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून जेवढ्या संख्या मिळतात त्यांचं घर, म्हणजे विभाजन क्षेत्र, किती मोठं आहे ते पाहावं लागतं.

आधी एक गोष्ट पक्की करू: x⁴ − 2 चे परिमेय सहगुणकांचे अवयव पडत नाहीत. एकही उकल परिमेय नाही, तेव्हा एकघाती अवयव नाही. वर्गबहुपदीचा अवयव असता, तर त्याचं स्थिरपद चारांपैकी दोन उकलींचा गुणाकार असतं. पण प्रत्येक उकल शून्यापासून a इतक्या अंतरावर आहे, म्हणून कुठल्याही दोघींच्या गुणाकाराचं केवलमूल्य a², म्हणजे √2. ते परिमेय नाही, तेव्हा तोही रस्ता बंद. म्हणून a जोडल्यावर परिमेय संख्यांचं क्षेत्र चौपट होतं: 1, a, a², a³ हे त्याचे चार पाये. या क्षेत्रातली प्रत्येक संख्या वास्तव आहे, त्यामुळे i त्यात नाही. i जोडला की क्षेत्र आणखी दुप्पट. एकूण परिमाण आठ.

इथे नवखा माणूस अडखळतो. a च्या एकट्या क्षेत्राचं परिमाण चार आहे, तेव्हा तिथे चार सममिती, म्हणजे सगळी नाती टिकवणाऱ्या अदलाबदली, मिळतील असं त्याला वाटतं. मिळतात दोनच, कारण ia आणि −ia त्या क्षेत्रात मुळी नाहीतच आणि a ला जायला फक्त a आणि −a एवढ्याच जागा आहेत. सगळ्या उकली आत घेतल्याशिवाय हिशेब जुळत नाही. घेतल्या की जुळतो: a ला कुठल्याही उकलीवर पाठवता येतं, आणि i ला स्वतःवर किंवा −i वर पाठवता येतं. परिमाण आठ असल्यामुळे या दोन निवडी एकमेकींत अडकत नाहीत. म्हणजे सममिती नेमक्या आठ.

त्या सगळ्या दोघींपासून तयार होतात. σ ही a ला ia वर पाठवते आणि i ला तसंच ठेवते. τ ही i ला −i करते आणि a ला तसंच ठेवते. σ चारदा केली की सगळं मूळ जागी येतं, τ दोनदा केली की. पण क्रम महत्त्वाचा. आधी τ, मग σ केली तर a जाते ia वर. आधी σ, मग τ केली तर a आधी ia होते आणि मग −ia. उत्तरं वेगळी, म्हणून या गटात क्रम उलटवून चालत नाही. चौरसाच्या चार फिरवण्या आणि चार आरशांच्या उलटापालटी मिळून जो गट होतो, तोच हा: आठ घटकांचा डायहेड्रल गट.

चार उकली प्रतलावर मांडल्या तर खरोखरच चौरस दिसतो, त्यामुळे 'हे तर चित्रातच होतं' असं म्हणायचा मोह होतो. चित्रावर विसंबू नये. x⁴ + 1 च्या उकलींचाही चौरसच होतो, पण त्यांतली एक w धरली तर बाकीच्या w³, w⁵, w⁷ असतात. एकीची जागा ठरली की सगळ्या ठरल्या, म्हणून तिथे सममिती चारच. उलट x⁵ − 2 च्या उकलींचा सुसम पंचकोन होतो. पंचकोनाला सममिती दहा, पण त्या समीकरणाच्या गटात घटक वीस. आपल्या उदाहरणातही σ म्हणजे प्रतल ९० अंशांत फिरवणं नव्हे. फिरवण्यानं √2 ही i√2 वर गेली असती. σ मात्र तिला (ia)² वर, म्हणजे −√2 वर नेते. चार उकलींपुरतं दोन्ही सारखं दिसतं, बाकीच्या संख्यांवर नाही.

या आठांच्या गटात दहा उपगट बसतात, आणि प्रत्येक उपगट मधल्या एकेका क्षेत्राला जागेवर ठेवतो. बहुतेक क्षेत्रं सहज ओळखू येतात. i चं, √2 चं, a चं. जरा लपलेलं एक बघू. आधी τ आणि मग σ करणारी सममिती a आणि ia यांची अदलाबदल करते, −a आणि −ia यांचीही. एकही उकल ती जागेवर ठेवत नाही. मग तिच्यासमोर स्थिर राहतं काय? a मध्ये तिची बदली ia मिळवून पाहा: a + ia, म्हणजे (1+i)a. अदलाबदलीनंतर ही बेरीज तीच राहते. तिचा चौथा घात काढला तर (1+i)⁴ = −4 आणि a⁴ = 2, गुणाकार −8. म्हणजे x⁴ − 2 च्या क्षेत्रात x⁴ + 8 ची उकलही मुक्कामाला आहे.