क्रोशाची पिशवी लोंबते का?

गेल्या वर्षी विणलेल्या माझ्या पिशवीचे बंद ४५ सेंटिमीटरचे होते. चार किलो बटाटे घेऊन घरी पोचेपर्यंत ते जवळजवळ ६० झाले आणि पिशवी गुडघ्याला आपटू लागली. दोरा चांगला सुती होता, एकही टाका तुटला नव्हता. मग ही लांबी आली कुठून?

ती आली टाक्यांच्या वळणांतून. विणकामात दोरा सरळ नसतो, फासाफासांतून वळत जातो. वजन पडलं की दोरा ताणला जाण्याआधी ही वळणं सरळ होतात आणि एका फासातला दोरा शेजारच्या फासात सरकतो. खांब हा टाका उंच असतो, त्यात मोकळा दोरा जास्त, म्हणून तो जास्त लोंबतो. मुका खांब बुटका आणि दाट असतो. पिशवीला तोच घ्यावा, आणि दोऱ्याच्या गुंडीच्या कागदावर ४ मिलिमीटरची सुई लिहिली असेल तर ३ किंवा साडेतीनची घ्यावी. टाक्यातून दोरा ओढताना तो सुईवर न गुंडाळता सुईच दोऱ्यावर नेऊन ओढला, तर टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा न दिसता फुलीसारखा दिसतो आणि आणखी घट्ट बसतो. तुकडा खिडकीसमोर धरून पाहा. भोकांतून उजेड येत असेल तर सुई अजून बारीक हवी. सुई टाक्यात शिरेनाशी झाली, मनगट दुखू लागलं, तर मात्र एक नंबर मागे या.

तळ दोन दोरे एकत्र घेऊन विणावा आणि आत जाड प्लास्टिकचा तुकडा कापून बसवावा, म्हणजे वजन मध्यावर न साचता सगळीकडे पसरतं.

तरीही घट्ट वीण थोडी ताणतेच. इथे अस्तर कामाला येतं, आणि चूकही बहुतेक इथेच होते. वजन आधी पेलतो तो भाग, जो आधी ताठ होतो. अस्तर सैल शिवलं तर वीण लोंबून अस्तराला गाठेपर्यंत ते नुसतं आत पडून राहतं. विणलेली पिशवी ३० सेंटिमीटर उंच असेल तर अस्तर २९ ठेवा. कापड आधी धुऊन आटवून घ्या. उभे धागे पिशवीच्या उंचीकडे येतील असं ते कापा, कारण तिरकं कापलेलं कापड स्वतःच ताणतं.

बंदांनाही हाच नियम. मी आता सुती नेवारीची पट्टी एका बंदातून अस्तराच्या बाजूने खाली, तळाखालून पलीकडे आणि वर दुसऱ्या बंदात अशी सलग फिरवते, अस्तराला शिवते आणि बंदांवर मुक्या खांबांचं आवरण चढवते. काठाशी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घालते, म्हणजे ओढ एकाच टाक्यावर येत नाही.

या रचनेत बटाट्यांचं वजन तळावरून नेवारीत आणि नेवारीतून थेट हातात येतं. विणीवर ते जेमतेम पोचतं. नव्या पिशवीचे बंद चार किलोंनंतर मोजले, ४५चे ४६ झाले होते.