लेखी कोटेशन आणि बयाणा (बडोद्यातील फर्निचरकाम)

मापाने करून घ्यायच्या फर्निचरसाठी काम सुरू होण्याआधी कारागिराने लिहून दिलेला दर म्हणजे कोटेशन, आणि तो मान्य करून ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे बयाणा. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत ‘एस्टिमेट’ आणि ‘ॲडव्हान्स’ हे शब्दही तितकेच चालतात. दुकानातली तयार खुर्ची एकाने नाकारली तर दुसरा घेऊन जातो. एका भिंतीच्या मापाने कापलेले कपाट मात्र दुसऱ्या घरी बसत नाही. बयाण्याची गरज इथूनच निर्माण होते.

भांडण बहुधा दराचे नसते, मापाचे असते. कपाटाचा भाव चौरस फुटाने सांगतात आणि तो साधारणपणे समोरच्या दर्शनी भागावर धरतात. कपाटाची खोली, आतले कप्पे त्यात आलेच. समजा कपाट 6 फूट रुंद, 7 फूट उंच आहे आणि वर 2 फुटांचा लॉफ्ट आहे. दर 1,400 रुपये. नुसत्या कपाटाचे 42 चौरस फूट, म्हणजे 58,800 रुपये. लॉफ्टचे 12 फूट धरले की 54 फूट आणि 75,600 रुपये. ग्राहकाच्या मनात पहिला आकडा असतो, मिस्त्रीच्या वहीत दुसरा, आणि तोंडी बोलणे ‘समजी लैशुं’, म्हणजे ‘समजून घेऊ’, यावर संपलेले असते. कपाटाची एक बाजू उघडी दिसत असेल तर तिच्यावरच्या सनमायक्याचाही प्रश्न येतो. लॉफ्टसकट उंची 9 गुणिले खोली 2, म्हणजे 18 चौरस फूट. म्हणून कोटेशनवर आकडा लिहिण्याआधी हाताने काढलेली का होईना, मापांसकट आकृती हवी. माप फरशी आणि प्लास्टर झाल्यावरचे असावे, कारण भिंत क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असते.

त्याखाली मालाचे वर्णन येते. ‘चांगला प्लाय’ हे वर्णन नव्हे. 18 मिमी, कोणती कंपनी, कोणता दर्जा, हे लिहावे लागते. स्वयंपाकघरासाठी आयएस 710 चा मरीन प्लाय ठरला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. सनमायका एकदा चिकटला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही, म्हणून प्लायची शीट घरी उतरल्यावरच तिच्यावरचा आयएसआय शिक्का आणि परवाना क्रमांक यांचा फोटो काढून ठेवतात. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. सनमायक्याचा नंबर लिहून नमुन्याच्या तुकड्याच्या पाठीवर दोघांची सही घेतली की रंगाचा वाद मिटतो. बिजागऱ्या, चॅनल, हँडल, कुलूप कुणाचे, हेही लिहावे. ‘हार्डवेअर पार्टीचे’ अशी बारीक अक्षरातली ओळ शेवटी हमखास सापडते. इथे पार्टी म्हणजे ग्राहक.

कराची ओळ अनेक जण वाचतच नाहीत. लाकडी फर्निचरवर जीएसटी 18 टक्के आहे. 75,600 वर तो 13,608 होतो. दर करासह आहे की कर वेगळा, हे कागदावर नसेल तर शेवटच्या दिवशी ही रक्कम कपाटासारखी मध्येच उभी राहते. नोंदणी नसलेल्या कारागिराला मात्र हा कर घेता येत नाही.

बयाणा किती, याला नियम नाही, हिशेब आहे. वरच्या कामात 30,000 बयाणा असला तर त्यातून प्लाय आणि सनमायका येतो. सांगाडा भिंतीला उभा राहिला की आणखी 30,000, आणि दारे सरळ बसून चॅनल नीट सरकताहेत हे पाहून उरलेले 15,600. अशा वाटणीत कोणत्याही टप्प्याला एकाचे फार पैसे दुसऱ्याकडे अडकत नाहीत. सुरुवातीलाच सत्तर-ऐंशी टक्के मागणारा मिस्त्री बहुधा मागच्या घराचे काम या पैशांवर पुरे करत असतो. उलट बयाण्याशिवाय प्लाय कापणारा स्वतःच जोखीम घेतो. मधेच ‘इथे एक ड्रॉवर वाढवा’ म्हटले की वाढीव कामाचा दर त्याच कागदावर लिहून सही घ्यावी. प्लायचे भाव हलतात, म्हणून कोटेशन किती दिवस चालेल तेही लिहिलेले असते.

ऑर्डर रद्द झाली तर बयाणा बुडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. त्यातली वाजवी तेवढीच मिळते. प्लाय कापण्याआधी रद्द केले आणि माल दुकानात परत गेला, तर सगळा बयाणा ठेवून घेणे टिकणे कठीण. कापून झाल्यावर कारागिराची बाजू भक्कम असते. म्हणून ‘कापणीनंतर परतावा नाही’ अशी ओळ आणि कापणीची तारीख दोन्ही हवीत.

पावती नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क लागत नाही. तिथे बयाण्याचा यूपीआय व्यवहार उपयोगी पडतो, पण तो फक्त पैसे दिल्याचे सांगतो; कशासाठी दिले, ते सही केलेल्या कोटेशनवरूनच कळते.